'डेल्व्ह' शोधत बसू नकोस

मजकूर एआयने लिहिलाय का हे ठरवायला तू अजून 'डेल्व्ह', म्हणजे 'खोलात शिरणे', हा इंग्रजी शब्द शोधतोयस, म्हणून लिहितोय. 2023 पासून वैद्यकीय शोधनिबंधांच्या इंग्रजी सारांशांत हा शब्द एकदम फोफावला. 'अंडरस्कोर', 'शोकेसिंग' त्याच लाटेतले. 2024 मध्ये तो एआयची खूण आहे का यावर जाहीर वाद झाला, लोक तो खोडायला लागले आणि नंतरच्या एआय मॉडेलांतही तो ओसरला. (नायजेरियात तो पूर्वीपासून सहज वापरतात, तिथले लोक तेव्हा चिडले, ते बरोबरच होतं.)

आता शब्दापेक्षा वाक्याची ठेवण बघ. परवा माझ्याकडे एक पाककृती आली: 'ही केवळ आमटी नाही, तर आठवणींचा ठेवा आहे.' असं एखादं वाक्य कुणीही लिहील. पण तिसऱ्या परिच्छेदात पुन्हा तेच, पाचव्यात पुन्हा तेच, आणि आमटीत चिंच घालायची की आमसूल, याचा पत्ताच नाही! तिथे मला शंका आली. तरी शंकाच, सवयीने असं लिहिणारी माणसंही आहेत, म्हणून थेट आरोप करण्याआधी लेखकालाच चिंचेचं विचार.

अशा शब्दांची यादी ठेवायचीच असेल तर प्रत्येक शब्दापुढे तो शेवटचा दिसला तो महिना आणि वर्ष लिही, आणि वर्षभरात न दिसलेले शब्द काढून टाक.