शफल लावलेलं असताना तेच गाणं लागोपाठ दोनदा का वाजतं?

प्रश्न: मोबाइलवर ४० गाणी आहेत. शफल आणि रिपीट ऑल दोन्ही सुरू असतात. तरी मधेच एखादं गाणं लागोपाठ दोनदा वाजतं आणि काही गाणी सुटूनच जातात. असं का?

मी नागपुरात लग्नाच्या लॉनवर साउंड लावतो, त्यामुळे हा प्रकार नेहमीचा. मोबाइल बिघडलेला नाही. शफल फक्त क्रम ठरवतं, आणि गाणं किंवा यादी संपल्यावर काय करायचं ते रिपीट ठरवतं. गडबड होते ती या दोघांच्या सांध्यावर.

बहुतेक प्लेयर दर गाण्याला नव्याने चिठ्ठी उचलत नाहीत. शफल दाबताच सगळ्या यादीचा एक फेटलेला क्रम तयार होतो आणि त्यात प्रत्येक गाणं एकदाच येतं. समजा पाचच गाणी आहेत आणि क्रम लागला ३, ५, १, ४, २. फेरी संपली की रिपीट ऑल यादी परत सुरू करतं. काही प्लेयर तोच क्रम पुन्हा वाजवतात, काही नव्याने फेटतात. नवा क्रम २, ४, ५, १, ३ असा लागला, तर २ नंबरचं गाणं लागोपाठ दोनदा वाजणार. आणि ३ नंबरचं? ते पहिल्या फेरीत सर्वांत आधी वाजलं आणि दुसऱ्या फेरीत सर्वांत शेवटी येणार. मधे आठ गाणी गेली, म्हणून ते सुटलं असं वाटतं. तुमच्या ४० गाण्यांत दर फेरीच्या शेवटी अशी जोडी जमायची शक्यता ४० पैकी १. साडेचार मिनिटांचं एक गाणं धरलं तर फेरी तीन तासांची. गाणं दोनदा वाजलं ते साधारण तेवढ्या वेळाने असेल, तर कारण हेच.

खरोखर गाणी सुटतात ती शफल मधेच बंद केल्यावर. तेव्हा प्लेयर चालू गाण्याच्या मूळ जागेपासून पुढे जातो. ३८ वं गाणं चालू असताना शफल काढलं, तर ३९ आणि ४० वाजतील. रिपीट ऑल नसेल तर तिथेच थांबेल. आधीची न वाजलेली गाणी राहूनच गेली.

रिपीट वन असताना शफल गप्प बसतं. गाणं आपोआप संपलं की तेच पुन्हा लागतं. तुम्ही नेक्स्ट दाबलं तर मात्र बरेच प्लेयर शफलच्या क्रमातलं पुढचं गाणं लावतात आणि मग तेच धरून बसतात. रिपीटचं बटण एकच असतं. बंद, ऑल, वन असं ते फिरतं, त्यामुळे खिशात एक दाब जास्त पडला तरी वन लागतं. चिन्हावर छोटा १ दिसतो का ते बघा.

तो १ नसूनही एकच गाणं फिरत असेल, तर चालू यादी उघडा. सर्चमधून गाणं लावलं की काही ॲपमध्ये यादीत ते एकटंच असतं, आणि एका गाण्याचं रिपीट ऑल म्हणजे रिपीट वनच.