भिंगाच्या गणितात गुण नेमके कुठे पडतात

दहावीच्या भिंगाच्या गणितात अंतिम उत्तर चुकलं तरी आधीच्या पायऱ्यांचे गुण मिळू शकतात, पण त्या कागदावर दिसल्या पाहिजेत. समज, वस्तू बहिर्गोल भिंगापासून 15 सेमीवर आहे, नाभीय अंतर 10 सेमी आहे, आणि प्रतिमेचं अंतर विचारलंय.

पहिल्यांदा 'दिलेले' लिही: u = −15 सेमी, f = +10 सेमी. सर्वांत जास्त गुण इथेच जातात, कारण मुलं चिन्ह मनातच ठेवतात. वस्तू भिंगाच्या डावीकडे असते म्हणून u ऋण. ते चिन्ह इथेच लिहून टाक.

मग सूत्र त्याच्या मूळ रूपात, वेगळ्या ओळीवर: 1/v − 1/u = 1/f. किमती थेट भरल्यास सूत्राचा गुण हातचा जातो. पुढच्या ओळीत 1/v = 1/10 − 1/15 = 3/30 − 2/30 = 1/30. समान छेदाची पायरी गाळू नकोस. आकडेमोड कुठे घसरली हे तपासणाऱ्याला तिथूनच कळतं.

v = +30 सेमी. एकक आणि चिन्ह दोन्ही हवेत. शेवटी एक वाक्य: प्रतिमा भिंगाच्या दुसऱ्या बाजूला 30 सेमीवर, वास्तव व उलट.

u चं चिन्ह विसरलास तर v 6 सेमी येईल. वस्तू नाभीपलीकडे असताना वास्तव प्रतिमा 10 सेमीच्या आत पडूच शकत नाही, तेव्हा असं उत्तर दिसलं की आधी 'दिलेले' पुन्हा बघ.