चतुर्थीचा इंग्लिश मेसेज मराठीत आणताना

प्रश्न: आमचं फोंड्याला दुकान आहे. चतुर्थीला गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला भावाने इंग्लिशमध्ये मेसेज लिहून दिलाय. "विशिंग यू अँड युअर लव्ड वन्स अ व्हेरी हॅपी गणेश चतुर्थी. मे लॉर्ड गणेशा रिमूव्ह ऑल ऑब्स्टॅकल्स फ्रॉम युअर लाइफ अँड ब्लेस यू विथ जॉय, प्रॉस्पेरिटी अँड गुड हेल्थ. वॉर्म विशेस फ्रॉम अवर फॅमिली टू युअर्स." मी मराठीत केला तर एकदम कोरडा वाटतो. घरच्यासारखा कसा लिहायचा?

उत्तर:

तुम्ही काय केलं असेल त्याचा अंदाज येतोय, कारण असे मेसेज माझ्याकडे दरवर्षी दुरुस्तीला येतात. "तुम्हाला आणि तुमच्या प्रियजनांना खूप आनंदी गणेश चतुर्थीच्या शुभेच्छा देत आहोत. भगवान गणेश तुमच्या जीवनातील सर्व अडथळे दूर करो आणि तुम्हाला आनंद, समृद्धी व चांगल्या आरोग्याने आशीर्वादित करो." साधारण असंच ना? शब्द सगळे मराठी आहेत पण असं कोणी कोणाला बोलत नाही.

पहिलं वाक्य बघा. आपण सणाला आनंदी म्हणत नाही, आणि "देत आहोत" हे सांगायचीही गरज नसते, नुसतं "चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा" म्हटलं की दिल्याच. "हार्दिक" शब्द घासून गुळगुळीत झालाय हे मान्य, पण तो कोणाला खटकत नाही आणि वॉर्म विशेसचं काम तोच करतो, म्हणून शेवटी पुन्हा वेगळ्या "उबदार शुभेच्छा" नकोत. "प्रियजन" काढाच, तो शब्द आपल्याला श्रद्धांजलीच्या जाहिरातीत वाचायची सवय आहे. त्याच्या जागी "तुम्हा सगळ्यांना" किंवा "घरच्या सगळ्यांना". "आपणास व आपल्या परिवारास" हे बॅनरवर चालतं, पण जे गिऱ्हाईक तुमच्या बाबांना नावाने हाक मारून उधारी लिहायला सांगतं त्याला "तुम्ही"च बरं.

आता मुख्य वाक्य, तिथेच सगळा घोळ होतो. इंग्लिशमध्ये गणपती काय करतो ते सांगावं लागतं म्हणून रिमूव्ह ऑल ऑब्स्टॅकल्स येतं. आपल्याकडे ते त्याच्या नावातच आहे, विघ्नहर्ता म्हटलं की अडथळे दूर करो हे वाक्य लिहायचं कामच उरत नाही. शिवाय अडथळा रस्त्यात येतो, कामात येतो, माणसावर येतं ते संकट किंवा विघ्न. म्हणून "विघ्नहर्त्याची कृपा तुमच्या घरावर सदैव राहो" एवढं पुरे. "भगवान गणेश" ही हिंदीची सवय आहे, आपण गणपती म्हणतो, गणराया म्हणतो, बाप्पा म्हणतो. आणि "आशीर्वादित करो" तर अजिबात नको, आपल्याकडे आशीर्वाद लाभतो किंवा मिळतो.

"करो" हे रूप मात्र वाईट नाही हां, "देव तुमचं भलं करो" हे आपलंच आहे. फक्त एकच देव एका वाक्यात दोन-तीन गोष्टी "करो" करायला लागला की भाषण होतं. अशा वेळी देवाला कर्ता न ठेवता जे मागायचं त्यालाच कर्ता करा: घरात सुख नांदो, आरोग्य लाभो, दुकान भरभराटीला येवो. वाक्य आपोआप सैल होतं. एक चूक तेवढी तपासा, कर्ता अनेकवचनी असेल तर क्रियापदही तसंच पाहिजे, "इच्छा पूर्ण होवोत", कारण सगळ्या इच्छा आहेत. कार्डावर "सर्व इच्छा पूर्ण होवो" छापलेलं सर्रास दिसतं.

जॉय, प्रॉस्पेरिटी, गुड हेल्थ अशी तीन नावं ओळीने मांडायची इंग्लिशची रीत आहे, आपल्याकडे त्यासाठी जोडशब्द तयार आहेत, सुखसमृद्धी, सुखसमाधान, आयुरारोग्य. त्यातले एक-दोन घ्या.

एवढं केलं की साधा, बिनचूक मेसेज होतो:

"तुम्हा सगळ्यांना चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा! विघ्नहर्त्याची कृपा तुमच्या घरावर सदैव राहो, घरात सुखसमृद्धी नांदो आणि सगळ्यांना उत्तम आरोग्य लाभो. आमच्या घरच्या सगळ्यांकडून."

हा पाठवलात तरी चालेल. पण तुम्ही विचारलंय घरच्यासारखा कसा होईल, तर माझ्या मते माया नुसत्या शुभेच्छेत नसते, बोलावण्यात असते. आपले जुने सणाचे बोल आठवा, तिळगुळ घ्या गोड बोला, सोनं घ्या सोन्यासारखं राहा, दिवाळीला फराळाला या. सगळे समोरच्याला काहीतरी देतात नाहीतर घरी बोलावतात. इंग्लिश मेसेजमध्ये हे नाहीच, त्यामुळे कितीही नीट भाषांतर केलं तरी ते येणार नाही, ते तुम्हालाच घालावं लागेल. फ्रॉम अवर फॅमिली टू युअर्स हे जे वाक्य आहे ना, त्याच्या जागी बोलावणं घाला, भावाला म्हणायचंय तेच त्यातून पोचतं.

आणि गोव्यात लिहिताय तर गोव्याची चतुर्थी दिसू दे. आपल्याकडे मुख्य गणपती घरचा, सगळे मूळ घरी जमतात, आदल्या दिवशी माटोळी बांधायची धांदल असते, नारळ, सुपारी, काकडी, चिबूड, आंबाडे असं काय काय बाजारातून आणि रानातून आणून मूर्तीच्या वर टांगायचं, मग नेवऱ्या, घुमटावर आरती. मेसेजमध्ये एवढं सगळं घालू नका, एकच गोष्ट निवडा. मी असा लिहीन:

"चतुर्थी आली! माटोळीची धांदल सुरू झाली असेल. विघ्नहर्ता तुम्हा सगळ्यांना सुखात ठेवो. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती आहे, दर्शनाला आणि नेवऱ्या खायला नक्की या."

बोलावणं मनापासून असेल तरच घाला, कारण लोक खरोखर येतात, आणि आले पाहिजेत. ज्यांना घरी बोलावणं शक्य नाही त्यांना वरचा साधा मेसेज पाठवा. ख्रिश्चन गिऱ्हाइकांना कृपेच्या ओळीपेक्षा हे नेवऱ्यांचं बोलावणं जास्त जवळचं वाटतं असा माझा अनुभव आहे.

कोकणीचं विचारलं नाहीत पण येतंच ते. गिऱ्हाईक कोकणीत बोलणारं असेल तर "चवथीचीं परबीं" म्हणून अख्खा मेसेज कोकणीत लिहा. माटोळी, नेवऱ्या असे शब्द मराठीत सहज बसतात, ते आपलेच आहेत, पण अर्धं वाक्य मराठी आणि क्रियापद कोकणी असं केलं की दोन्हीकडच्या वाचणाऱ्याला ते चुकल्यासारखं वाटतं.

झालं की मोठ्याने वाचा, शक्यतो आईला नाहीतर मावशीला फोनवर वाचून दाखवा. जिथे तुमचा आवाज माइकवर बोलल्यासारखा होतो तो शब्द बदला. "जीवनातील" सारखा शब्द तिथेच पकडला जातो.

पाठवण्याआधी लिस्ट एकदा बघून घ्या, ज्यांच्याकडे सुतक आहे त्यांना हा मेसेज जायला नको, त्यांना नंतर साधा फोन करा. आणि आदल्या दिवशी संध्याकाळीच पाठवा, चतुर्थीच्या सकाळी पूजेच्या गडबडीत कोणी फोन बघत नाही आणि दीड दिवसाच्या गणपतीचं बोलावणं दुसऱ्या दिवशी वाचून काही उपयोग नाही.