मच्छरजाळीचं माप: कर्ण मोजलात का?

प्रश्न: खिडकी मधोमध मोजली, ८९८ × १,२०६ मिलिमीटर. त्याच मापाची चौकटवाली जाळी मागवली, तर ती आत जातच नाही. चूक कुणाची?

टेपची नाही, एकदाच मोजण्याची. शिवाय खिडकीत बसायची चौकट खिडकीएवढीच असेल, तर ती अडकणारच. तुम्ही नंतर कळवलेली मापं पाहा: रुंदी वर ९०२, मध्ये ८९८, खाली ९०५, उंची १,२१०, १,२०६, १,२०८. दोन्हींतलं लहान माप घ्यायचं आणि सरकायला जागा म्हणून ४ मिमी वजा करायचे. म्हणजे ८९४ × १,२०२.

तरीही ती अडकली असती. तुमचे दोन कर्ण १,५०३ आणि १,५०९ आहेत. सहा मिमीचा हा फरक सांगतो की खिडकी काटकोनात नाही, वरपासून खालपर्यंत साधारण ५ मिमी कलली आहे. काटकोनी चौकट अशा खिडकीत समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत घासते. म्हणून रुंदीतून आणखी ५ मिमी काढा, ८८९ ठेवा. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत सहा-सात मिमीची पाचरीसारखी फट राहील. डासाला तेवढी भरपूर झाली. तिथे कडेने ब्रशपट्टी लावावीच लागेल.

प्रश्न: मग वेल्क्रोवाली जाळी बरी का? तिचं मापही असंच घ्यायचं?

कललेल्या खिडकीला मी तीच सुचवेन, पण माप उलट घ्यायचं. ती खिडकीच्या आत बसत नाही, चौकटीवरून झाकते. त्यामुळे सर्वांत मोठं माप धरा आणि पट्टी २५ मिमीची असेल तर प्रत्येक बाजूला तेवढे मिळवा. याच खिडकीला ९५५ × १,२६० होतील. मात्र चारही बाजूंना २५ मिमी सपाट जागा आहे ना, कडी-बिजागरी मध्ये येत नाही ना, हे आधी बघा.

खरखरीत पट्टी चौकटीवर, मऊ पट्टी जाळीला. चौकट पुसून पूर्ण कोरडी करा, पट्टी दाबून चिकटवा आणि जाळी लगेच ओढून लावू नका. गोंदाला एक दिवस द्या. बोटाला भुकटी लागते अशा रंगावर पट्टी टिकत नाही, रंगासकट सुटून येते.

प्रश्न: जाळीवर “१८ × १६” लिहिलंय. “२० × २०” घेतली तर जास्त चांगली ना?

हे आकडे म्हणजे एका इंचातली आडवी-उभी भोकं. ०.२८ मिमी जाड धागा धरला तर १८ × १६ मध्ये भोक साधारण १.१ × १.३ मिमीचं पडतं. डास अडवायला एवढं पुरे. त्याहून बारीक चिलटं येत असतील तरच दाट जाळी घ्या, कारण दाट विणीतून वारा कमी येतो आणि धूळही लवकर अडकते. आकडा छापलेला नसेल तर जाळीवर पट्टी ठेवून एका इंचातली भोकं मोजा. दोन्ही दिशांनी मोजा, कारण बऱ्याचदा त्यांत फरक असतो.