मोफत रिचार्जची लिंक आणि पोस्टातले मामा

प्रश्न: माझे काका ७३ वर्षांचे आहेत. त्यांनी घरच्या ग्रुपवर 'तीन महिने मोफत रिचार्ज, आज शेवटचा दिवस' अशी लिंक टाकली आहे. ती फसवी आहे हे मला माहीत आहे, पण त्यांचा मान राखून कसं सांगू? मेसेज कसा लिहू?

उत्तर:

सर्वात आधी एक करा. ग्रुपवर काही लिहू नका. दहा-वीस जणांसमोर पुतण्यानं चूक काढली की माणूस ती लिंक खरी ठरवायच्या मागे लागतो. हे मी स्वतः करून बसलोय. माझे मामा पोस्टातून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी त्यांनी अशीच लिंक टाकली, मी खाली 'फेक आहे' एवढे दोनच शब्द लिहिले, आणि आठवडाभर मामांनी माझा फोन घेतला नाही. मामींनी मध्यस्थी केली तेव्हा कळलं की त्यांना राग 'फेक' शब्दाचा नव्हता. कारण न सांगता निकाल दिला, याचा होता.

मग मी कारण शोधायला बसलो. घरात सिम नसलेला, रीसेट केलेला जुना फोन होता, त्यावर ती लिंक उघडली. (तुम्ही हे करू नका, रोजच्या फोनवर तर नकोच. मी पाहिलेलं खाली लिहितोच आहे.) त्यानंतर मामांना खासगीत जो मेसेज पाठवला, तो जवळजवळ तसाच देतो:

"मामा, नमस्कार. त्या दिवशी ग्रुपवर मी तोडून बोललो, ते चुकलं. आमचे चार पैसे वाचावेत म्हणून तुम्ही लिंक पाठवलीत, हे मला कळतं. ती मी जुन्या फोनवर उघडून बघितली, काय दिसलं ते सांगतो.

आधी त्यांनी मोबाईल नंबर विचारला. मी दहा वेळा शून्य टाकलं. तरी 'अभिनंदन, तुमचा नंबर पात्र आहे' असं आलं. म्हणजे तपासणारं पलीकडे कुणी नाहीच. 'आज शेवटची तारीख' लिहिलं होतं, म्हणून मी फोनची तारीख दोन महिने पुढे केली. पान पुन्हा उघडलं तर शेवटची तारीख त्या नव्या तारखेची! ती तारीख फोनच्याच घड्याळातून उचलतात.

पुढे 'दहा जणांना पाठवा' असं आलं आणि खाली हिरवी पट्टी. बटण दाबलं की व्हॉट्सॲप उघडतं. मी कुणालाही न पाठवता मागे आलो, तरी पट्टी पुढे सरकली. ती फक्त बोटाचे ठोके मोजते. आणि या बटणानं मेसेज गेला की त्यावर 'फॉरवर्डेड' अशी खूण येत नाही, कारण मजकूर नव्यानं लिहिल्यासारखा जातो. 'मला मिळाला, तुम्हीही घ्या' हे वाक्य तुमचं नव्हतं, पण आम्हाला ते तुम्हीच लिहिल्यासारखं दिसलं. मामा म्हणतात म्हणजे खरं असणार, असं वाटून शालूताईनं लगेच नंबर टाकला. त्या लोकांना हेच हवं असतं.

आता पत्त्याचं. ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ओळखाल. पाकिटावर वर कुणी 'मंत्रालय, मुंबई' लिहिलं, पण खाली पिनकोड भलत्याच गावाचा घातला, तर तुम्ही थांबून बघितलं असतं ना? लिंकमध्ये गाव कुठलं ते पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या अगदी आधी लिहिलेलं असतं. त्याच्या डावीकडे काहीही लिहिता येतं, तिथे सरकारचं नाव असलं तरी त्याला अर्थ नाही.

शेवटी 'पडताळणीसाठी' पैसे भरायचं बटण आलं, रक्कम त्यांनी आधीच भरलेली. रोजच्या फोनवर ते दाबलं असतं तर पैसे भरायचं ॲप उघडलं असतं, फक्त पिन टाकायचा बाकी. मामा, तो पिन पैसे जाण्यासाठी असतो. पैसे किंवा रिचार्ज यायला पिन लागत नाही.

तुम्ही त्यात पिन टाकलात का, किंवा एखादं ॲप घेतलंत का, तेवढं मला फोनवर सांगा. नुसती लिंक उघडली असेल तर काळजीचं कारण नाही."

लिंकचं उदाहरण मेसेजात मी मुद्दाम घातलं नव्हतं, नाहीतर मामांनी तीही उघडली असती. ती साधारण अशी दिसायची (शेपूट बदललं आहे):

```
https://www.gov.in.recharge-offer.example/free
```

इथे `gov.in` दिसतं, पण `/free` च्या लगेच आधी आहे `recharge-offer.example`. खरं गाव तेच. सरकारी संकेतस्थळ असतं तर `gov.in` हे त्या रेषेला चिकटून आलं असतं. तुमचे काका पोस्टातले नसतील तर पाकिटाऐवजी त्यांच्या कामातलं काहीतरी शोधा. बँकेत असतील तर चेकवरची सही, शेतकरी असतील तर सातबाऱ्यावरचा गट नंबर. माणूस आयुष्यभर जे तपासत आला, त्याच जागी लिंक नेऊन ठेवायची.

'पण सरकारनंच दिलंय' असं म्हणाले तर एक खरी गोष्ट सांगा. २०२३ मध्ये पंतप्रधान सगळ्यांना २८ दिवसांचा २३९ रुपयांचा रिचार्ज मोफत देत आहेत, असा मेसेज देशभर फिरला होता. केंद्र सरकारच्याच पीआयबी फॅक्ट चेकनं तो खोटा असल्याचं जाहीर केलं. सरकारनं सरकारच्या नावाचा मेसेज नाकारला, हे आपण नाकारण्यापेक्षा जास्त पटतं.

आता मेसेजातल्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय येतं, यावर पुढचं अवलंबून. फक्त नंबर टाकला असेल तर जाहिरातींचे आणि 'बँकेतून बोलतोय'वाले फोन वाढतील, तेवढं सांगून ठेवा. `.apk` फाइल घेऊन ॲप टाकलं असेल तर मामला वेगळा. अशी ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि बँकेचा ओटीपी परस्पर पलीकडे पाठवतात. तेव्हा फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना बघा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा घ्या, गुगलवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर असतात. ते ॲप काढायचं काम त्यानंतर. पैसे गेले असतील तर मेसेज लिहीत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी कळलं तर ते अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथे मिनिटं मोजायची. लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते. पैसे गेले नसतील तर नुसती लिंक कळवायला `sancharsaathi.gov.in` वर 'चक्षू' नावाची सोय आहे.

ग्रुपवरचा मेसेज काकांनाच काढू द्या. पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसांच्या आत तो सगळ्यांकडून डिलीट करता येतो. मुदत गेली असेल तर 'वरची लिंक उघडू नका' एवढं त्यांनीच खाली लिहावं. आमच्या मामांनी लिहिलं होतं, "ती लिंक कुणी उघडू नये. पिनकोड चुकीचा आहे." ग्रुपवर कुणाला काही कळलं नाही, पण लिंक कुणी उघडली नाही.