साठ किलोमीटरची रेंज आणि चांदणी चौकाचा चढ

प्रश्न: कोथरूडहून हिंजवडीला रोज ऑफिसला इलेक्ट्रिक सायकलने जायचा विचार आहे, एका बाजूचं अंतर १६ किमी. हब मोटर घेऊ की मिड-ड्राइव्ह? दुकानदार ६० किमी रेंज सांगतो, ती खरी असते का? आणि २५ च्या वर पळवली तर लायसन्स लागतं का?

रेंजपासून सुरू करतो, कारण माझा पहिला फटका तिथेच बसला.

माझी पहिली ई-सायकल घेताना मलाही साठच सांगितले होते. “दादा, साठ आरामात जाते, दोन दिवसांतून एकदा चार्ज करा.” तिसऱ्या आठवड्यात ऑफिसहून परतताना पाषाणला डिस्प्लेवर पाचपैकी दोन रेघा होत्या. बावधनचा चढ लागला तशी एक रेघ राहिली आणि चांदणी चौकाच्या अलीकडे डिस्प्लेच बंद पडला. तेवीस किलोची सायकल, पाठीवर लॅपटॉप आणि मागून पीएमपी बसचा हॉर्न. त्या दिवशी एकूण धाव एकतीस किलोमीटरच्या आसपास झाली होती.

दुकानदार तसा खोटं बोलला नव्हता. बॅटरी ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवर होती. दोन्हींचा गुणाकार केला की सुमारे २८० वॅट-अवर येतात. सायकलच्या टाकीत ‘पेट्रोल’ किती, ते हा आकडा सांगतो. कंपनी रेंज काहीही छापो, आधी हा गुणाकार करा आणि त्याला सांगितलेल्या किलोमीटरने भागा. २८० भागिले ६० म्हणजे किलोमीटरला साडेचार-पावणेपाच वॅट-अवर. एवढ्यात सायकल जाते, पण केव्हा? पेडल असिस्ट, म्हणजे पेडल मारताना मोटर देते ती मदत, सगळ्यात खालच्या पातळीवर, रस्ता सपाट, माणूस हलका, वेग पंधराच्या आसपास आणि बहुतेक मेहनत तुमच्या पायांची. जाहिरातीतल्या ‘पर्यंत’ या शब्दात हे सगळं दडलेलं असतं.

मग मी चार्जरच्या प्लगला युनिट मोजणारं छोटं मीटर लावलं आणि दोन आठवडे वहीत लिहून ठेवलं. माझं वजन ७८ किलो. सायकल आणि बॅग धरून एकशे दहाच्या जवळ. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर, सिग्नल आणि खड्डे धरून, किलोमीटरला ११ ते १२ वॅट-अवर जात होते. मधल्या असिस्टवर नेमाने पेडल मारलं की ७ ते ८. हे प्लगपाशी मोजलेले आकडे, म्हणजे चार्जरमध्ये वाया जाणारी थोडी वीजही त्यात आली. अंदाज बांधताना ती चूक आपल्या सोयीची आहे. तुमचं वजन साठ असेल तर थोडं कमी धरा, नव्वद असेल तर जास्त.

आता तुमचा हिशेब. जाऊन-येऊन ३२ किलोमीटर, असिस्टवर ८ धरले तर रोज २५६ वॅट-अवर. बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत चालवता येत नाही. आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, आधीच पुरवठा तोडतो, म्हणून छापील आकड्याच्या नव्वद टक्केच आपले धरायचे. शिवाय लिथियम बॅटरी दरवर्षी थोडी थोडी उतरते. काही वर्षं रोज वापरल्यावर क्षमता ऐंशी टक्क्यांवर येईल असं धरून चाला. २८० ची बॅटरी नवी असतानाच तुम्हाला काठावर पुरेल. ३७० ची नवी असताना चाळीसच्या पुढे जाईल, जुनी झाल्यावर तेहेतीसला येऊन टेकेल. ३६ व्होल्ट, १२.८ अँपिअर-अवरची म्हणजे साधारण ४६० ची असेल, तर जुनी झाल्यावरही चाळीस किलोमीटर देईल. ऑफिसात चार्जिंगची सोय असेल तर ३७० घ्या आणि पैसे वाचवा. नसेल तर ४६० च्या खाली उतरू नका. पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते, त्यामुळे ऑफिसच्या ॲडमिनला पटवणं फार अवघड नसतं. मात्र बॅटरी चावीने निघणारी हवी. पार्किंगमध्ये प्लग मिळत नाही, डेस्कखाली मिळतो.

डिस्प्लेच्या रेघांवर विसंबू नका, हे एक सांगायचं राहिलं. बहुतेक स्वस्त डिस्प्लेंवर त्या रेघा उरलेली वीज मोजत नाहीत, व्होल्टेज बघून अंदाज सांगतात. ३६ व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते आणि तिशीजवळ आली की बीएमएस तोडतो. चढावर मोटर जोरात करंट ओढते, तसं व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतं, रेघा जातात आणि सपाटीला पुन्हा येतात. माझी ती ‘दोन रेघा शिल्लक’ अशीच फसवी होती. डिस्प्लेवर व्होल्टेज आकड्यात दिसण्याची सोय असेल तर तीच लावा.

मोटरचं म्हणाल, तर तुमच्या रस्त्याला गिअर्ड हब मोटर पुरते. मागच्या चाकाच्या मधोमध डब्यासारखी बसवलेली असते आणि आत बारीक दातेरी चक्रं असतात. ती मोटरचा वेग कमी करून चाकाला जोर देतात, आणि मोटर बंद असताना चाक मोकळं फिरतं. दुसरा हब प्रकार डायरेक्ट ड्राइव्ह. त्यात गिअर नसल्याने झिजायला काही नाही, पण मोटर जड, आणि बॅटरी संपली की चाक आतून कुणीतरी धरल्यासारखं वाटतं. उतारावर बॅटरी परत चार्ज होते म्हणून काही जण ती खपवतात. सायकलच्या वजनाला त्यातून मिळतं ते नगण्य.

मिड-ड्राइव्ह पेडलच्या दांड्यापाशी असते आणि तिचा जोर चेनमधून, सायकलच्या गिअरमधून चाकाला जातो. म्हणून चढावर तुम्ही गिअर खाली टाकलात की मोटरलाही तो मिळतो. हबच्या मोटरला हे सुख नाही; चाकाचा वेग पडला की तिचाही पडतो. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता धरा. माझ्या वजनाला त्यावर पंधराच्या वेगाने जायला चाकापाशी सुमारे तीनशे वॅट लागतात. दोनशे मोटरने दिले, शंभर पायांनी, तर निभावतं. पण पाय सोडून नुसता थ्रॉटल दाबलात तर वेग आठ-नऊवर येतो, आणि त्या वेगाला हब मोटरमध्ये जाणाऱ्या विजेतली निम्मी गरम होण्यातच जाते. दोन-तीन मिनिटांच्या चढाला काही होत नाही. रोज सिंहगड चढणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे मिड-ड्राइव्हच हवी. चांदणी चौकासाठी मात्र तिची किंमत, लवकर झिजणारी चेन आणि बिघडल्यावर हात लावणारा मेकॅनिक शोधणं, हे सगळं मला जड वाटतं. हबवाली पंक्चर झाली तर चाक काढायला पाना आणि मोटरच्या वायरचा कनेक्टर सोडवणं एवढंच जास्तीचं काम. कोपऱ्यावरचा पंक्चरवालासुद्धा एकदा दाखवलं की करतो.

दुकानात मोटरइतकाच एक प्रश्न सेन्सरचा विचारा. स्वस्त सायकलींत केडन्स सेन्सर असतो. पेडलच्या दांड्याजवळ चुंबकांची एक चकती फिरते, आणि ती फिरतेय एवढंच त्याला कळतं. तुम्ही जोर लावता की नुसते पाय फिरवता, हे त्याला कळत नाही. अर्धी फेरी झाल्यावर मोटर सुरू होते आणि पाय थांबवल्यावर क्षणभर ओढतच राहते. सिग्नलला रिक्षाच्या मागे उभे असताना तो क्षण लांबलचक असतो. म्हणून ब्रेकचा लिव्हर दाबताच मोटर तोडणारा स्विच हवाच, आणि तो दुकानातच तपासा: मागचं चाक उचलून धरा, थ्रॉटल द्या, ब्रेक हलकेच दाबा. मोटरचा आवाज तत्क्षणी थांबला पाहिजे. टॉर्क सेन्सरवाली सायकल पायाच्या दाबाप्रमाणे मदत करते. महाग असते, पण गर्दीत चालवायला फारच शहाणी. पैसे मिड-ड्राइव्हवर घालायच्या ऐवजी यावर घाला.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) नुसार मोटरची तीस मिनिटांची पॉवर २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने ते तपासून मान्य केलं असेल, तर ते वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. पेडल असिस्टच्या सायकलीत वेग वाढेल तशी मदत कमी होत जाऊन पंचविशीला, किंवा त्याआधी पाय थांबवले तर तेव्हाच, बंद झाली पाहिजे. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. एवढं असेल तर नंबर प्लेट, लायसन्स, विमा, काहीच लागत नाही.

‘तीस मिनिटांची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अर्धा तास न थकता जी देता येते ती पॉवर. चढावर क्षणभर जास्त देता येते. मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरवर १५ अँपिअर लिहिलं असेल तर ३६ व्होल्टला तो पाचशेच्या वर वॅट ओढू शकतो, आणि तरीही मोटर नियमात बसणारी असू शकते. पण ४८ व्होल्ट आणि पंचवीस अँपिअर असेल, आणि मोटरवर २५० चा स्टिकर, तर तो स्टिकर कशासाठी आहे ते तुम्हीच ओळखा. चाचणीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. मॉडेलचं नाव तुमच्या सायकलीच्या नावाशी जुळतं का, ते बघा.

पंचविशीच्या वर तुम्ही उतारावर किंवा स्वतःच्या पायांनी गेलात तर प्रश्न नाही. मोटरने नेली की प्रश्न. “सेटिंगमध्ये जाऊन लिमिट काढून देतो, चाळीस पळेल,” असं दुकानातलं पोरगं हळूच म्हणेल. त्या क्षणी ती सायकल विनानोंदणी, विनाविमा मोटारसायकल होते, आणि तुमच्याकडे दुचाकीचं लायसन्स असलं तरी नोंदणी नसलेलं वाहन कायदेशीर होत नाही. कुणाला धडकलात तर भरपाई खिशातून. शिवाय वेगाबरोबर हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, म्हणजे वर मांडलेला रेंजचा सगळा हिशेब कोसळतो. वेळ तरी किती वाचणार? माझे हे सोळा किलोमीटर पंचावन्न मिनिटांत होतात, आणि त्यात मोठा वाटा सिग्नलचा आहे.

बायपासने मात्र जाऊ नका. पंचविशीला मोटर सोडते आणि मागून ट्रेलर येतो, ही जोडी बरी नाही. बावधन, पाषाण, सूस, म्हाळुंगे असं आतून जा. खरेदीआधी ट्रायलला सायकल मिळत असेल तर दुकानासमोरच्या सपाटीवर फेरी मारण्यात अर्थ नाही. पौड रोडवरून चांदणी चौकापर्यंत चढवा, पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन, आणि वर पोचल्यावर हबला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. हात ठेवता येत नसेल, तर सायकल परत करून पुढच्या दुकानात जा.