तळपायाला पुढच्या बाजूला कडक, जाड गोल चट्टा झाला आहे आणि चालताना खडा टोचल्यासारखे दुखते. हे कुरूप आहे, घट्टा आहे की चामखीळ, हे कसे ओळखावे? कापून काढले तर कायमचे जाईल का?

कापून काढण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. हे इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण त्वचारोग विभागात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि असे असूनही माझ्या थोरल्या भावाने माझे न ऐकता चवड्याखालचे कुरूप शस्त्रक्रिया करून काढून घेतले. ते परत आले. परत का आले, यावर आमचे अजूनही एकमत नाही.

दादा शिक्षक आहे. दिवसभर उभे राहायचे आणि पायात पातळ तळव्याचे, पुढे निमुळते होत जाणारे बूट घालायचे, ही त्याची कित्येक वर्षांची सवय. उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मागे, चवड्याच्या ऐन मध्यावर, त्याला पिवळसर जाड चट्टा झाला आणि अनवाणी चालणे नकोसे झाले. प्रथम कुणीतरी चामखीळ म्हणून सांगितले, म्हणून त्याने आम्लाची पट्टी लावली. ती चालताना सरकली, शेजारची चांगली कातडी पांढरी पडून सोलली गेली आणि दुखणे दुप्पट झाले. मग तो एका शल्यविशारदाकडे गेला. त्यांनी भूल देऊन तो भाग काढला आणि टाके घातले. टाके निघाल्यावर पुढे काही आठवडे दादाला पाऊल पूर्ण टेकवता येत नव्हते. शाळा पुन्हा नेहमीप्रमाणे सुरू झाल्यावर त्याच जागी, आता व्रणाच्या रेषेवर, कुरूप पुन्हा तयार झाले. दादाचे म्हणणे असे की डॉक्टरांकडून मूळ आत राहिले. माझे म्हणणे असे की मूळ नव्हतेच, त्यामुळे ते राहण्याचा प्रश्नच येत नाही.

हाडाचे टोक आणि बूट यांच्यामध्ये कातडी सतत चेपली गेली की तिचा वरचा मृत थर जाड होतो. दाब पसरट असेल तर घट्टा होतो. दाब एका बिंदूवर एकवटला तर त्या जाड थराच्या मधोमध घट्ट, टोकदार असा गाभा तयार होतो, त्याचे टोक आतल्या बाजूला असते आणि प्रत्येक पावलाला ते खालच्या जिवंत, संवेदनशील थरावर दाबले जाते. हेच कुरूप. गाभा हा मृत पेशींचा असतो, त्यातून काहीही उगवत नाही. चामखिळीचे कारण वेगळे, म्हणजे विषाणू, पण तोही त्वचेच्या बाह्य थरातच राहतो. म्हणजे या तिन्हींपैकी एकही गोष्ट जेवढी खोल असते, त्यापेक्षा शस्त्रक्रियेचा छेद अधिक खोल जातो, आणि तळपायावरचा व्रण पुढे स्वतःच दुखू शकतो. दादाच्या बाबतीत नेमके हेच झाले: कातडी काढली गेली, पण वरून येणारे वजन, आतले हाड आणि बाहेरचा बूट यांपैकी काहीही बदलले नाही.

शेवटी वहिनींच्या आग्रहाने तो आमच्या विभागात तपासायला आला. आमच्या डॉक्टरांनी आधी जागा पाहिली. चट्टा ऐन हाडाच्या टोकाखाली होता, आणि अशी जागा कुरूप किंवा घट्टा सुचवते. मग त्यांनी अंगठ्याने सरळ दाबले तेव्हा दादा कळवळला, पण चट्टा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर विशेष दुखले नाही. चामखिळीत बहुधा याच्या उलट होते, चिमटीत अधिक दुखते. हा कयास बांधायला उपयोगी असला तरी नुसत्या यावर विसंबू नये. खरा निकाल वरचा जाड थर पातीने हलक्या हाताने तासल्यावर लागतो. तासताना रक्त येत नाही, बोटांच्या ठशांसारख्या त्वचेच्या रेषा शेवटपर्यंत सलग दिसत राहतात आणि मध्ये वेगळा गाभा सापडत नाही, तर तो घट्टा. मध्ये काचेसारखा, किंचित पारदर्शक गाभा उघडा पडला, तर ते कुरूप. रेषा चट्ट्याच्या कडेला तुटलेल्या दिसतात, आत काळे किंवा तपकिरी बारीक ठिपके असतात आणि थोडे तासताच टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे बिंदू उमटतात, तर ती चामखीळ. ते ठिपके म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गोठलेले रक्त असते. अनेक जण त्यांना मुळे समजतात आणि सुईने उकरत बसतात. दादाच्या पायातून काचेसारखा गाभा निघाला, आणि तो निघताक्षणी दादाला पाय टेकता येऊ लागला. हा आराम मात्र दाब तसाच राहिल्यास काही आठवडेच टिकतो, हे त्याला तिथेच स्पष्ट सांगण्यात आले.

पुढचा भाग तुमच्या उपयोगाचा आहे, कारण तुमचा चट्टाही चवड्याकडे आहे आणि इथे बहुतेक लोक मऊ गादी चुकीच्या जागी लावतात. दुखते त्याच बिंदूखाली गादी ठेवली तर तो बिंदू आणखी उचलला जातो आणि दाब वाढतो. गादी त्याच्या मागे, टाचेच्या बाजूला बसवायची असते, म्हणजे चवड्यातल्या हाडांची टोके किंचित उचलली जाऊन वजन मागे वाटले जाते. जागा नेमकी ठरवण्यासाठी आम्ही कुरूपावर लिपस्टिकचा ठिपका देतो, मोजे न घालता बूट चढवून उभे राहायला सांगतो आणि आतल्या तळव्यावर उमटलेल्या खुणेच्या लगेच मागे गादीची पुढची कड चिकटवतो. ती खुणेवर आली तर काढून पुन्हा लावावी लागते. बूट पुरेसा रुंद आहे का, हे पाहण्यासाठी कागदावर उभे राहून पावलाची बाह्यरेषा काढावी आणि बूट तिच्यावर ठेवावा. रेषा बुटाबाहेर डोकावत असेल तर त्या बुटात कोणतीही गादी काम करणार नाही. दादाने निमुळते बूट सोडले, गादी लावली, अधूनमधून वरचा थर तासून घेतला आणि कुरूप हळूहळू बसत गेले. व्रणाची जागा मात्र अजून दुखते. त्याला विचारले तर तो म्हणेल की शस्त्रक्रियेचा परिणाम उशिरा दिसला.

याच अनुभवाच्या जोरावर, त्याच्या मुलीच्या पायाला चट्टा झाला तेव्हा तिलाही शस्त्रक्रियेला न्यायला तो निघाला होता. भाचीचा चट्टा टाचेच्या आतल्या कडेला, कमानीजवळ होता, जिथे हाडाचा दाब फारसा येतच नाही. रेषा त्याला वळसा घालून जात होत्या, चिमटीत धरल्यावर ती ओरडत होती आणि आत काळे ठिपके स्पष्ट दिसत होते. ती चामखीळ होती. मुलांमधल्या चामखिळी पुष्कळदा दोनएक वर्षांत आपोआप जातात, मोठ्यांमध्ये अधिक वेळ लागतो. दुखत असल्यामुळे आम्ही सॅलिसिलिक ॲसिडचे औषध सुरू केले: रोज कोमट पाण्यात पाय थोडा वेळ बुडवायचा, पांढरा मृत थर कानशीने घासायचा, भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावायचे आणि औषध फक्त चामखिळीवर लावून वाळू द्यायचे. कानस वेगळी ठेवायची, कारण विषाणू पसरतो. हे १२ आठवड्यांपर्यंत नेटाने करावे लागते आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. भाचीची चामखीळ काही महिन्यांनी गेली आणि रेषा पुन्हा सलग झाल्या. चामखीळ गेली की नाही, हे रेषांवरूनच ठरवावे.

द्रव नायट्रोजनने गोठवणे हा उपाय अधिक जोरकस वाटतो, म्हणून लोक त्याचा आग्रह धरतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, २४० रुग्णांवरच्या एका ब्रिटिश चाचणीत तळपायाच्या चामखिळींवर गोठवणे आणि घरी लावायचे ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड यांची तुलना झाली. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत सुमारे १४ टक्के रुग्णांच्याच चामखिळी पूर्ण गेल्या होत्या. म्हणजे कोणताही उपाय हमखास नाही, आणि गोठवणे त्याखेरीज दुखते.

घट्ट्याबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. दुखत नसेल तर त्याला हात लावू नये. दुखत असेल तर युरियाचे मलम लावावे, अंघोळीनंतर वजरीने हलकेच घासावे आणि पादत्राण बदलावे.

आता काही गोष्टी, ज्या खरे तर वर यायला हव्या होत्या. मधुमेह असेल, पायाची संवेदना कमी झाली असेल किंवा रक्तपुरवठा मंद असेल, तर वरीलपैकी काहीही घरी करू नका. कुरूपाच्या पट्ट्या तर मुळीच नकोत, कारण त्यांतल्या आम्लाने झालेली जखम जाणवत नाही, शिवाय अशा पायात जाड थराच्या खाली आधीच उघडी जखम झालेली असू शकते. तासण्याचे काम इतरांनीही दाढीच्या पात्याने स्वतः करू नये. मी वर्णन केले ते प्रशिक्षित हाताचे आहे. चट्टा तपकिरी-काळा असून पसरत असेल, न दुखावता रक्त येत असेल किंवा उपचारांनंतरही महिनोन्महिने बरा होत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून तुकडा तपासून घ्यावा, कारण तळपायावर क्वचित कर्करोगही चामखिळीसारखा दिसतो. आणि न्यायाने सांगायचे तर, बोट वाकडे झाल्यामुळे किंवा हाडच पुढे आल्यामुळे कुरूप पुन्हापुन्हा होत असेल आणि पादत्राण बदलूनही उपयोग होत नसेल, तर हाडाची शस्त्रक्रिया विचारात घेतली जाते. ती अस्थिरोगतज्ज्ञ करतात. दादाची तशी झाली नव्हती, फक्त कातडी काढली होती.